पत्रातली मुलगी आणि दूध मोजणारी मुलगी
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



मला बोलायला सांगितलं तेव्हा विषय कोणीच दिला नव्हता. संयोजकांनी फक्त एवढंच बजावलं, ‘आठवणी नकोत, आठवणी सगळेच सांगणार आहेत. तुझ्या कामातलं काहीतरी सांग.’ माझं काम तुम्हाला माहीत आहे. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीची प्रयोगशाळा सांभाळते. बाटल्या, ब्युरेट, नोंदवह्या. यात रंगवून सांगण्यासारखं फारसं काही नाही. पण या कामातला एक भाग असा आहे, की गेली दोन-तीन वर्षं आपल्या वर्गाच्या गटावर त्याचीच चर्चा चालू असते. दर वर्षी शिकाऊ केमिस्टच्या जागांसाठी जे अर्ज येतात ते पहिल्यांदा मी वाचते. आणि आता आपली मुलं नोकरीच्या वयात आली असल्यामुळे गटावर ‘जरा बघशील का गं’ म्हणून जी पत्रं येतात, तीही मीच वाचते.

अशाच एका पत्राची गोष्ट आज सांगणार आहे. आपल्याच एका वर्गमैत्रिणीच्या मुलीचं पत्र. मैत्रीण समोरच बसली आहे आणि मुलीची परवानगी घेतली आहे. नाव मात्र घेणार नाही. ती मला मावशी म्हणते, म्हणून मी तिला भाची म्हणेन.

त्याआधी आपल्या मराठीच्या बाईंची क्षमा मागून एक गोष्ट कबूल करते. नववीत बाईंनी आपल्याला अर्जाचं पत्र शिकवलं होतं. उजवीकडे पत्ता, खाली दिनांक, मग ‘मा. व्यवस्थापक यांसी’, विषय, आणि मग ‘आपल्या दैनिकातील जाहिरातीवरून असे समजते की’. आपण सगळ्यांनी तेच पत्र लिहिलं. साठ वह्यांत साठ सारखी पत्रं. ‘मी कष्टाळू, प्रामाणिक व होतकरू आहे’ हे वाक्य तर वर्गातल्या एकूण एकाने लिहिलं होतं आणि त्यातले काही जण त्या वेळी बाईंच्या तासाला मैदानावर होते. तेव्हा आजच्या मुलांनी एआयकडून पत्र करून घेतलं म्हणून मला धक्का वगैरे बसत नाही. साचा आपल्याकडेही होता. फरक एवढाच, की आपला साचा ओळखू येत होता आणि त्यात आपण फक्त स्वतःचे गुण वाढवून सांगत होतो. आजचा साचा न केलेलं कामही केलं म्हणून सांगतो. गोष्ट तिथेच सुरू होते.

भाची बी.एस्सी. केमिस्ट्री झाली. चांगल्या गुणांनी. सहा-सात ठिकाणी अर्ज पाठवले, एका ठिकाणाहून मुलाखतीला बोलावणं आलं. औषधांचा मध्यम आकाराचा कारखाना. मुलाखत घेणाऱ्यांनी तिचं पत्र समोर ठेवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘एचपीएलसीवर काम केलं आहे असं लिहिलंय. कोणता कॉलम वापरत होतात?’ एचपीएलसी म्हणजे द्रावणातले घटक एकमेकांपासून वेगळे करून मोजणारं महागडं यंत्र. भाचीने ते आयुष्यात एकदा पाहिलं होतं, कॉलेजच्या भेटीत, वीस मुलींच्या मागे उभं राहून. तिला उत्तर येईना. दुसरा प्रश्न आला, तोही त्यावरचाच. मग समोरच्या गृहस्थांनी पत्र उलटं ठेवलं आणि ‘ठीक आहे, कळवू’ म्हणाले. चार मिनिटं. ती घरी येऊन आईला म्हणाली, ‘मी खोटं बोलताना पकडले गेले, आणि ते खोटं मी बोललेच नव्हते.’

मग ती पत्र घेऊन माझ्याकडे आली. पत्र इंग्रजीत आहे, पण आज मराठीतच सांगते. सुरुवात अशी होती: ‘मी अत्यंत प्रेरित, बारकाईने काम करणारी आणि निकालाकडे लक्ष केंद्रित करणारी रसायनशास्त्र पदवीधर असून आपल्या नामांकित संस्थेच्या गतिमान वातावरणात योगदान देण्यास उत्सुक आहे.’ पुढे: ‘एचपीएलसी, स्पेक्ट्रोफोटोमेट्री आणि उत्तम प्रयोगशाळा पद्धतींचा मला प्रत्यक्ष अनुभव असून गुणवत्तेत सातत्याने सुधारणा घडवून आणण्याचा माझा इतिहास आहे.’ बावीस वर्षांच्या मुलीचा इतिहास! शेवटी: ‘माझी संवादकौशल्यं आणि सांघिक वृत्ती आपल्या संस्थेसाठी मौल्यवान ठरेल याची मला खात्री आहे.’

मी तिला विचारलं, ‘तू काय टाइप केलं होतंस?’ तिने दाखवलं. दोनच ओळी होत्या. ‘बी.एस्सी. केमिस्ट्री फ्रेशर, क्यूसी ट्रेनी पदासाठी अर्जाचं पत्र दे,’ आणि खाली कारखान्याची जाहिरात जशीच्या तशी चिकटवलेली. जाहिरातीत एचपीएलसी होतं, स्पेक्ट्रोफोटोमेट्री होती, उत्तम प्रयोगशाळा पद्धती होत्या. म्हणजे पत्रात जे आलं ते सगळं जाहिरातीतून आलं. तिच्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती, पदवी. उरलेली जागा कशाने तरी भरायची होती, ती मागणाऱ्याच्याच शब्दांनी भरली. कारखान्याने आपली यादी बाहेर पाठवली आणि तीच यादी ‘माझ्याकडे हे सगळं आहे’ असं म्हणत परत आली.

हे वाचणाऱ्याच्या बाजूने कसं दिसतं तेही सांगते. आम्ही काही भाषेवरून गुन्हेगार पकडायला बसलेलो नसतो. पत्र यंत्राने लिहिलं की माणसाने, हे मला खात्रीने कधीच सांगता येणार नाही, आणि ज्यांना ते सांगता येतं असं वाटतं ते बरेचदा एखाद्या नीटनेटकं लिहिणाऱ्या मुलावर अन्याय करतात. मी वेगळंच बघते. पत्र वाचून या मुलाला विचारावा असा एक तरी प्रश्न मला सुचतो का? ‘प्रेरित’ आहे म्हटल्यावर काय विचारणार? ‘किती?’ या वर्षी चाळीसेक पत्रं आली, त्यातल्या निम्म्यांहून अधिक पत्रांची नावं अदलाबदल केली असती तर कोणालाही कळलं नसतं. अशी पत्रं मी बाजूला ठेवत नाही. मी ती वाचून गुणपत्रिकेकडे जाते, एवढंच. म्हणजे पत्र असून नसल्यासारखं. आणि प्रश्न सुचतोच तेव्हा तो एचपीएलसीचा सुचतो, आणि मग चार मिनिटांत मुलाखत संपते.

आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. मी तिच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हटलं, तुझ्या वर्गातल्या दुसऱ्या कोणत्याही मुलीने सही करावी असं जे वाक्य असेल ते खोड. पहिलं वाक्य गेलं. शेवटचं गेलं. मधली दोन गेली. एचपीएलसीचं वाक्य तिने स्वतःहून, जरा जोरातच खोडलं. दहा मिनिटांनी कागदावर तिचं नाव, पदवी, कॉलेज आणि ‘आपली विश्वासू’ एवढं शिल्लक राहिलं. तिचा चेहरा पडला. म्हणाली, ‘मावशी, मग लिहायचं काय? मी फ्रेशर आहे. मला अनुभवच नाही.’

आता हे वाक्य बोलणारी मुलगी कोण, ते ऐका. तिच्या वडिलांचं गावात दूध संकलन केंद्र आहे. बारावीपासून, म्हणजे चार वर्षं, ही मुलगी रोज सकाळी सहा ते आठ तिथे उभी असते. साठेक शेतकरी दूध घालतात. प्रत्येकाचा नमुना घ्यायचा, मिल्क अॅनालायझरला लावायचा, फॅट आणि एसएनएफ किती लागली ते रजिस्टरात लिहायचं, पावती द्यायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एसएनएफ म्हणजे दुधातलं पाणी आणि स्निग्धांश वगळून उरणारे घन पदार्थ. गायीच्या दुधाचा दर आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो आणि त्याहून कमी भरलं की पैसे कापले जातात. त्यामुळे यंत्रावरचा दशांश चिन्हानंतरचा आकडा हा शेतकऱ्याच्या खिशातला आकडा असतो. ‘आज फॅट कमी का लागली?’ हा प्रश्न तिने चार वर्षांत किती वेळा ऐकला असेल ते तिलाच ठाऊक.

हे सगळं मला तिच्या आईकडून माहीत होतं. तिच्या पत्रात यातलं एक अक्षर नव्हतं. का नव्हतं विचारलं तर म्हणाली, ‘ते घरचं काम आहे ना.’ आपल्या घरांतून हे नेहमी होतं. दुकानावर बसणं, शेतातला हिशोब, आजीची औषधं वेळेवर देणं, हे काम नसतंच, ते ‘घरचं’ असतं. आणि जे आपणच काम म्हणून मोजत नाही ते यंत्राला कोण सांगणार?

मी म्हटलं, रजिस्टर आण. आणि मला असा एक दिवस सांग ज्या दिवशी काहीतरी बिघडलं होतं. फ्रेशरला ‘तुझं बलस्थान काय’ असं विचारलं की तो घाबरतो. ‘कधी गडबड झाली होती का’ असं विचारलं की तो बोलायला लागतो. ती बोलायला लागली.

आदल्या वर्षीच्या थंडीतली सकाळ. एक काका, त्यांच्या गायीला महिनाभर ३.८-३.९ फॅट लागत होती. त्या दिवशी ३.५ लागली. काका भडकले. ती म्हणाली, थंडी आहे, चारा बदलला असेल. पण पुढच्या दोघांचीही तीन-चार दशांशांनी खाली आली. तिने रजिस्टरची मागची पानं उलटली आणि तिच्या लक्षात आलं की खाली जो तो आला आहे. सगळ्यांच्या गायींनी एकाच सकाळी चारा बदलला नसणार. तिने काकांचा नमुना पुन्हा लावला. ३.५. तिसऱ्यांदा लावला. ३.५. वडील म्हणाले, ‘बघ, यंत्र बरोबर आहे, तीनदा तेच सांगतंय.’

इथे मी तिला थांबवलं. कारण इथे माझ्यासारखीचे कान टवकारतात. तीनदा तोच आकडा आला याचा अर्थ यंत्र स्थिर आहे, एवढाच. ते खरं बोलतंय असा नाही. बंद पडलेलं घड्याळही तीनदा बघितलं तर तीच वेळ सांगतं. हा फरक कळायला माझ्याकडच्या शिकाऊ मुलांना वर्ष लागतं. तिला तो त्या सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी कळला होता आणि त्याला काही नाव असतं हे तिला माहीत नव्हतं.

तिने काकांच्या दुधाचे दोन भाग केले. एक बाटली दुधाच्या टेम्पोबरोबर शीतकरण केंद्रावर पाठवली आणि तिथल्या पर्यवेक्षकांना फोन करून सांगितलं की गर्बरने बघा. गर्बर ही जुनी, हाताने करायची पद्धत. बुटायरोमीटर नावाच्या काचेच्या नळीत १० मिलिलिटर सल्फ्युरिक आम्ल, त्यावर १०.७५ मिलिलिटर दूध, १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल, मग ती नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची आणि वर आलेला स्निग्धांश नळीवरच्या खुणांवर वाचायचा. वेळ लागतो, पण यंत्रावर शंका आली की निवाडा तिथेच होतो. दुसरी बाटली तिने फ्रिजमध्ये ठेवली. दहा वाजता फोन आला: ३.८. मग तिने अॅनालायझर सफाईच्या द्रावणाने दोनदा धुतला. आत दुधाचा पातळ थर साचला की वाचन चुकायला लागतं हे तिला तंत्रज्ञाने पूर्वी सांगितलं होतं, आणि त्या आठवड्यात सफाई राहून गेली होती. फ्रिजमधलं दूध कोमट करून, साय मोडेपर्यंत हलकेच ढवळून, थंड करून पुन्हा लावलं: ३.७.

संध्याकाळी वडिलांशी वाद झाला. वडील म्हणाले, एका सकाळचं काय एवढं. ती म्हणाली, साठ जणांची सकाळ आहे. शेवटी त्या दिवशीचे पैसे आदल्या सकाळच्या फॅटने धरले. पुढे तिने भिंतीवर एक वही टांगली, रोजच्या सफाईची सही त्यात करायची. आणि दर रविवारी एक नमुना गर्बरला पाठवायचा, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचे. वही तिने मला दाखवली. दहा महिन्यांच्या नोंदी. मधले दोन रविवार कोरे होते, परीक्षा होती म्हणाली.

मैत्रिणींनो, ज्या मुलीला चार मिनिटांत परत पाठवलं होतं ती ही मुलगी.

आता लिहायला बसलो, तर गाडी उलट्या बाजूला कलंडली. तिने पहिलं वाक्य लिहिलं, ‘मी मिल्क अॅनालायझरचं कॅलिब्रेशन केलं.’ मी विचारलं, ‘केलंस?’ नाही. तिने धुतला होता. कॅलिब्रेशन पुढच्या आठवड्यात तंत्रज्ञ आला त्याने केलं, ही शेजारी उभी होती. मग आम्ही क्रियापदं घेऊन बसलो. पाहिलं, मदत केली, स्वतः केलं, दुसऱ्याला शिकवलं. या चारांतलं प्रत्येक कामाला कोणतं लागतं? अनुमापन म्हणजे टायट्रेशन, पीएच मीटर, कलरीमीटर: कॉलेजात स्वतः केलं. कॅलिब्रेशन: पाहिलं. गर्बर: शीतकरण केंद्रावर जाऊन पाच-सहा वेळा देखरेखीखाली केलं. एचपीएलसी: पाहिलं, फक्त पाहिलं. नमुना घेणं, तपासणं, नोंद: रोज स्वतः केलं आणि धाकट्या चुलतभावाला शिकवलं. ही चार क्रियापदं एवढी साधी आहेत, पण तयार पत्रात ती सगळी एका ‘प्रत्यक्ष अनुभव’ या शब्दात कालवलेली असतात आणि मुलाखतीत नेमकी तीच वेगळी करून विचारतात.

‘पाहिलं’ हे पत्रात लिहायचं का, यावर आमचं थोडं वाजलं. तिचं म्हणणं, कमीपणा कशाला दाखवायचा. माझं म्हणणं, जाहिरातीत एचपीएलसी मागितलं असेल तर एक ओळ लिही, मागितलं नसेल तर विषयच काढू नकोस. शिकाऊ माणसाला ते यंत्र येत नाही हे आम्हाला माहीतच असतं. आम्ही शिकवणारच असतो.

पुढचा प्रश्न भाषेचा. आपली मुलं मराठीत बोलतात आणि अर्ज इंग्रजीत करतात. इंग्रजीची भीती वाटते म्हणूनच तर तयार पत्राकडे जातात, आळसाने नाही. मी तिला म्हटलं, आधी मला मराठीत सांग, जसं आत्ता सांगितलंस तसं, आणि मी ते फोनवर ध्वनिमुद्रित करते. मग ते ऐकून तिने इंग्रजीत लिहिलं, एका वाक्यात एकच गोष्ट, आणि जो शब्द मुलाखतीत तोंडातून सहज निघणार नाही तो वापरायचा नाही. वाक्यं छोटी झाली. दोन ठिकाणी काळ चुकला, एक ‘द’ राहिला. पण आवाज तिचा होता.

दुसऱ्या दिवशी तिने मला ‘फायनल’ म्हणून पत्र पाठवलं आणि मी डोक्याला हात लावला. व्याकरण तपासावं म्हणून तिने ते पुन्हा यंत्रातून काढलं होतं. ‘सुधारून दे’ म्हटल्यावर काकांचा नमुना गेला, ३.५ आणि ३.८ गेले, आणि त्या जागी आलं, ‘दुग्ध गुणवत्ता मूल्यमापनातील विसंगती ओळखून सुधारात्मक उपाययोजना यशस्वीपणे राबवल्या.’ वाक्य चूक नाही. अर्थही साधारण तोच. पण आता ते परत कोणाचंही झालं. मूळ कागद जवळ होता म्हणून बरं. आम्ही दोन्ही शेजारी ठेवले आणि शुद्धलेखनाच्या, काळाच्या चुका तेवढ्या उचलून मूळ पत्रात घेतल्या. चार चुका होत्या. हे जरूर करा, व्याकरण तपासून घ्यायला काहीच हरकत नाही, पण सुधारलेला मजकूर सबंध उचलू नका. ओळीशेजारी ओळ ठेवून बघा. जिथे आकडा, वस्तू किंवा माणूस नाहीसा झाला असेल तिथे मूळ वाक्य परत आणा.

शेवटी जे पत्र गेलं ते मराठीत वाचून दाखवते. ते एका डेअरीच्या प्रयोगशाळेला गेलं. माझ्या कारखान्यात नाही, हेही सांगून ठेवते, नाहीतर जेवताना कुजबुज सुरू होईल.

‘महोदय,

आपल्या डेअरीतील शिकाऊ केमिस्टच्या जागेसाठी मी अर्ज करत आहे. मी यंदा बी.एस्सी. रसायनशास्त्र उत्तीर्ण झाले.

चार वर्षं मी आमच्या घरच्या दूध संकलन केंद्रावर सकाळचं काम पाहते. सुमारे साठ शेतकऱ्यांच्या दुधाचे नमुने घेणं, मिल्क अॅनालायझरवर फॅट आणि एसएनएफ तपासणं आणि नोंद ठेवणं हे काम मी स्वतः करते.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी बहुतेकांची फॅट नेहमीपेक्षा ०.३ ते ०.४ ने कमी लागली. एकच नमुना तीनदा लावला तरी ३.५ च आली, म्हणून मी त्याचा अर्धा भाग शीतकरण केंद्रावर गर्बर पद्धतीने तपासून घेतला. ती ३.८ आली. यंत्राची सफाई राहिली होती. सफाईनंतर उरलेला भाग ३.७ आला. तेव्हापासून मी सफाईची वही ठेवते आणि बहुतेक रविवारी एक नमुना गर्बरशी ताडून बघते. ती वही मी दाखवू शकते.

गर्बर चाचणी मी देखरेखीखाली काही वेळा केली आहे. कॉलेजात टायट्रेशन, पीएच मीटर आणि कलरीमीटर वापरले आहेत. एचपीएलसी फक्त पाहिलं आहे.

संकलन केंद्रावर दूध नाकारलं जातं तेव्हा पुढे प्रयोगशाळेत नेमकं काय तपासतात हे मला शिकायचं आहे. मी पहिल्या पाळीला येऊ शकते.

आपली विश्वासू’

‘बहुतेक रविवारी’ यातला ‘बहुतेक’ शब्द तिचा. मी ‘दर रविवारी’ सुचवलं होतं. ती म्हणाली, दोन राहिलेत. मी गप्प बसले. ‘पहिल्या पाळीला येऊ शकते’ हेही तिचंच. मला ते आधी फालतू वाटलं होतं, पण डेअरीत पहिली पाळी पहाटे लागते आणि त्या वेळी माणसं मिळत नाहीत. चार वर्षं पहाटे उठणाऱ्या मुलीला ते माहीत होतं. शीतकरण केंद्राच्या पर्यवेक्षकांचं नाव संदर्भासाठी वेगळ्या कागदावर दिलं, त्यांना विचारून. शेतकऱ्यांची नावं पत्रात कुठेही घातली नाहीत. त्यांचे आकडे त्यांचे आहेत.

आता हेही सांगायला हवं, की पत्राने सगळीकडे काम होत नाही. मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर रकाने भरायचे असतात, तिथे पत्र जोडलं तरी कोणी उघडेलच असं नाही. कॅम्पसमधून भरती होते तिथे गुणांची चाळणी आधी लागते. हे पत्र उपयोगी पडतं ते आमच्यासारख्या मध्यम कारखान्यांत, जिथे ई-मेल थेट विभागप्रमुखाकडे येतो आणि तो चहा पिताना ती वाचतो. आणि प्रत्येक मुलाच्या घरी दूध संकलन केंद्र नसतं, हेही खरं. पण माझ्याकडे नंतर आलेल्या एका मुलाकडे वसतिगृहाच्या मेसचा हिशोब होता, आणखी एकीकडे कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या फुटलेल्या काचसामानाची यादी होती, सरांनी तिच्याकडे सोपवलेली. त्या यादीवर मी तिच्याशी अर्धा तास बोलले.

भाचीला बोलावणं आलं. या वेळी मुलाखत पाऊण तास चालली. तिथल्या बाईंनी वही मागितली, पानं उलटली आणि विचारलं, ‘त्या सकाळी यंत्र चुकतंय हे कळल्यावर आधीच्या सगळ्यांचे नमुने परत तपासले का?’ ती म्हणाली, ‘नाही. दूध कॅनमध्ये ओतलं गेलं होतं, नमुने ठेवले नव्हते. आता आम्ही संपेपर्यंत ठेवतो.’ बाईंनी त्यावर काहीतरी लिहून घेतलं. एचपीएलसीबद्दल कोणी विचारलं नाही. गेल्या महिन्यात ती तिथे शिकाऊ म्हणून रुजू झाली. पगार फार नाही. पहिली पाळी आहे.

संकलन केंद्रावर आता धाकटा चुलतभाऊ उभा राहतो. रविवारचा नमुना तो विसरतो अशी तिची तक्रार आहे.

बोलणं लांबलं, जेवणाची घंटा केव्हाची वाजून गेली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं बरोबर आली आहेत असं दिसतंय. जेवणानंतर मी आपल्या जुन्या दहावी ‘ब’च्या वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर बसणार आहे. मुलांना पाठवा, स्वतः येऊ नका, आईबाप शेजारी असले की मुलं बोलत नाहीत. पत्र मोबाईलवर नको, कागदावर हवं. पेन्सिली मी आणल्या आहेत.